स्ट्रिपमधली गोळी

चिकनगुनियाने मला पहिल्यांदा हरवलं ते गोळीच्या स्ट्रिपवर. सत्तावीस वर्षं मी फार्मासिस्ट म्हणून काम करते. दिवसाला शेकडो स्ट्रिपा हातातून जातात, कात्रीने कापल्या जातात, मोजल्या जातात. आणि त्या रात्री १०३ ताप असताना एक पॅरासिटामॉल बाहेर काढायला माझा अंगठा फॉइलवर टेकेना. टेकला तर दाबवेना. अंगठ्याच्या मुळाशी कोणीतरी पाचर ठोकतंय असं वाटलं. शेवटी यांनी गोळी काढून तळहातावर ठेवली. पुढचे काही आठवडे हेच चाललं, आणि त्यातूनच एक घोळ झाला, तो पुढे सांगते.

ताप अचानक चढला. दुपारी ठीक होते, संध्याकाळी हुडहुडी. सकाळपर्यंत दोन्ही मनगटं, बोटांचे सांधे, घोटे आणि गुडघे, सगळे एकदम धरले. डावा-उजवा असा भेद नव्हता, जे एका हाताला तेच दुसऱ्या हाताला. पलंगावरून उठून दारापर्यंत जायचं तर कंबरेत वाकून, भिंत धरून. ‘चिकनगुनिया’ हा शब्द टांझानियाच्या दक्षिणेकडच्या माकोंडे लोकांच्या भाषेतला आहे. तिथे १९५२ साली या तापाची साथ ओळखली गेली आणि ‘वाकवून टाकणारा’ अशा अर्थाचं हे नाव पडलं. हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. भिंत धरून चालताना पटलं.

तिसऱ्या दिवशी रक्त दिलं. डॉक्टरांनी डेंग्यूची एनएस१ आणि प्लेटलेट मोजायला सांगितल्या. डेंग्यू आणि चिकनगुनिया एकाच जातीच्या डासातून येतात, पहिल्या काही दिवसांत दिसतातही सारखे, आणि कधीकधी दोन्ही एकत्रही होतात. एनएस१ निगेटिव्ह आली. प्लेटलेट १,७०,००० होत्या. मी निःश्वास सोडला, पण डॉक्टरांनी नाही. “एनएस१ निगेटिव्ह म्हणजे डेंग्यू नाहीच, असं मी म्हणणार नाही,” ते म्हणाले. “तोवर फक्त पॅरासिटामॉल. दुसरं काहीही नाही. तुम्हाला हे सांगायची गरज नाही म्हणा, मॅडम.”

गरज होती, हे दुसऱ्याच दिवशी कळलं.

चौथ्या दिवसापर्यंत मी ६५० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल दर सहा तासांनी घेत होते. म्हणजे दिवसाला चार, एकूण २६०० मिलिग्रॅम. ताप उतरत होता, पण सांध्यांवर त्याचा असर जेमतेम. रात्री मी इतकी कण्हत होते, की यांना राहवलं नाही. घरातल्या औषधांच्या डब्यात मागे कधी कंबरदुखीसाठी आणलेल्या गोळ्या होत्या. त्यांनी त्यातली एक काढून माझ्या हातात ठेवली, पाणी दिलं, मी डोळे न उघडता गिळली. सहा तासांनी अजून एक. शिवाय सर्दीने नाक चोंदलं म्हणून सर्दीची गोळी दिवसातून दोनदा चालूच होती. मी स्ट्रिप पाहिलीच नाही. स्ट्रिप काढणारे हात दुसऱ्याचे होते, माझ्याकडे फक्त गोळी यायची.

पाचव्या दिवशी सकाळी डोकं जरा जागेवर आलं, तेव्हा उशाशी पडलेल्या स्ट्रिपा पाहिल्या आणि पोटात गोळा आला. कंबरदुखीच्या गोळीत अॅसिक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल ५००. बोटं मोडून हिशेब केला: २६००, वर दोन वेळा ३२५ म्हणजे ६५०, वर दोन वेळा ५०० म्हणजे १०००. चोवीस तासांत ४२५०. धडधाकट प्रौढ माणसासाठीची वरची मर्यादा ४००० आहे, आणि यकृताचा त्रास असलेल्या, नेहमी दारू पिणाऱ्या किंवा वजनाने फार कमी असलेल्या माणसाला ती याहून खूप खाली आणावी लागते. मी काउंटरवर रोज लोकांना सांगते, “दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच औषध असू शकतं, मागची बारीक अक्षरं वाचा.” माझ्याच घरात ती कोणी वाचली नाहीत.

ते झालं पॅरासिटामॉलचं. दुसरी चूक जास्त बोचली. अॅसिक्लोफेनॅक हे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांच्याच कुटुंबातलं. ही औषधं सूज उतरवतात, पण प्लेटलेटचं काम मंदावतात आणि पोटाच्या अस्तराला इजा करतात. अॅस्पिरिन तर प्लेटलेटला तिच्या उरलेल्या आयुष्यभरासाठी निकामी करतं. डेंग्यूत आधीच प्लेटलेट कमी होतात आणि रक्तस्राव व्हायची भीती असते, त्यात हे म्हणजे आगीत तेल. म्हणून डेंग्यूची शंका असेपर्यंत ही सगळी औषधं बंद, आणि ताप उतरून निदान ४८ तास झाल्याशिवाय ती सुरू करायची नाहीत. डेंग्यूत खरा धोका बहुतेक वेळा ताप चढलेला असताना नसतो, ताप उतरू लागतो त्याच सुमारास असतो: पोटात जोरात दुखणं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची सुस्ती. बहुतेकांना वाटतं ताप गेला, सुटलो. त्याच दिवशी लोक काउंटरवर येऊन दुखण्याची ‘जोरदार’ गोळी मागतात.

मी लगेच डॉक्टरांना फोन केला. लाज वाटली, पण केला. त्यांनी ओरडाआरडा केला नाही. दोन्ही गोळ्या बंद करायला सांगितल्या, पॅरासिटामॉल एक दिवस थांबवलं, यकृताच्या तपासण्या आणि पुन्हा प्लेटलेट सांगितल्या, वरची लक्षणं वाचून दाखवली आणि त्यातलं एकही दिसलं तर फोन न करता थेट भरती व्हा म्हणाले. काही झालं नाही. यकृताचा एक आकडा किंचित वर होता, तो दोन आठवड्यांनी खाली आला. ताप पाचव्या दिवशी संध्याकाळी गेला, अंगावर पुरळ आलं आणि गेलं. आठव्या दिवशी चिकनगुनियाची आयजीएम, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी, पॉझिटिव्ह आली. त्या दिवसापासून घरात नियम झाला: स्ट्रिप कोणीही काढो, पण आधी माझ्या डोळ्यांसमोर धरायची. यांनी भिंतीवर एक कागद चिकटवला, त्यावर वेळ आणि मिलिग्रॅम. मी त्यांना चिडवत होते, पण तो कागद अजून तिथेच आहे.

आता खरं दुखणं. ताप गेला की सांधेही जातील, अशी माझी समजूत होती. दुसऱ्या आठवड्यात सकाळी उठले की हात मुठीत बांधल्यासारखे असायचे. बोटं सरळ व्हायला दीड तास. मग दुपारपर्यंत बरं, संध्याकाळी पुन्हा घोट्याला सूज. विषाणू एका आठवड्याच्या आसपास रक्तातून निघून जातो, पण सांध्याच्या अस्तरात आणि स्नायुबंधांच्या आवरणात उठलेली जळजळ तशी निघत नाही, ती शरीराच्या संरक्षक पेशींची असते आणि तिचा वेळ ती घेते. म्हणून मनगट वाकवताना फक्त सांधाच नाही, हाताच्या मागच्या बाजूने जाणाऱ्या दोऱ्याही ओढल्यासारख्या दुखतात.

डॉक्टरांनी मला तीन टप्पे सांगितले. पहिले तीन आठवडे ताजा आजार. त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत मधला टप्पा, ज्यात बहुतेकांचं दुखणं हळूहळू ओसरतं, पण सरळ रेषेत नाही. तीन महिन्यांनंतरही राहिलं तर त्याला जुनाट म्हणतात आणि मग वेगळा विचार. काहींना महिनोन्महिने, काहींना वर्षाहून जास्त राहतं. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर सुमारे एक तृतीयांश लोकांना हा आजार झाला, तेव्हा इतक्या मोठ्या संख्येने लोकांचे सांधे पुढे बराच काळ दुखत राहिले, की या आजाराकडे बघायची वैद्यकाची नजरच बदलली. माझं वय ५४. पंचेचाळिशीनंतर, आधी सांध्यांचा त्रास असलेल्यांना आणि पहिल्या आठवड्यात फार तीव्र दुखलेल्यांना हे लांबायची शक्यता जास्त. तीनपैकी दोन माझ्याकडे होते.

मी एक वही केली. रोज दोनच गोष्टी: सकाळी उठल्यापासून मूठ पूर्ण मिटेपर्यंत किती मिनिटं, आणि स्ट्रिपमधून माझ्या अंगठ्याने किती गोळ्या निघतात. दुसरा आकडा माझा स्वतःचा शोध होता, वैद्यकात त्याला काही किंमत नाही. दुसऱ्या आठवड्यात ९० मिनिटं आणि शून्य गोळ्या. चौथ्यात ६० आणि शून्य. सहाव्यात ४० आणि एक.

आता औषधाचा प्रश्न. तिसऱ्या आठवड्यात डेंग्यूचा धोका गेला होता, म्हणजे सूज उतरवणाऱ्या गोळ्यांवरची पहिली बंदी उठली होती. पण माझी एक अडचण होती. मी रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्र गोळी घेते. दाबाचं औषध, लघवी वाढवणारं औषध आणि त्यावर सूज उतरवणारी गोळी, ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी कमी होतो. तापात पाणी कमी प्यायलेल्या माणसात तर फारच. शिवाय या गोळ्या दाब वाढवतातही. ज्यांना पोटात अल्सर झाला आहे, मूत्रपिंडं अधू आहेत, हृदयाचा आजार आहे, रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत, किंवा गरोदरपणाचे २० आठवडे उलटले आहेत, त्यांच्यासाठी त्या स्वतःहून घ्यायच्या नाहीत, मग दुखणं कितीही असो. काउंटरवर ‘मागच्या वेळी हीच दिली होती’ म्हणणारे जे येतात, त्यांच्यातल्या निम्म्यांना मी विचारते, दाबाची गोळी चालू आहे का? उत्तर बहुतेक वेळा हो.

म्हणून आधी गोळी नाही, जेल. डायक्लोफेनॅकचं जेल कातडीतून सांध्यापर्यंत जातं आणि रक्तात जाणारं औषध गोळीच्या मानाने फारच थोडं असतं. मनगट आणि पंजाला साधारण २ ग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा. गुडघ्यासारख्या मोठ्या सांध्याला ४ ग्रॅम. लोक मुगाएवढं लावतात आणि म्हणतात काही फरक नाही. २ ग्रॅम म्हणजे तर्जनीच्या टोकापासून जवळजवळ तिच्या मुळापर्यंत सरळ पिळलेली जाडसर रेघ. हाताला लावलं तर तासभर हात धुवायचा नाही, आणि वर शेकायचं नाही. दोन मनगटं आणि एक घोटा एवढंच मी करत असे. आठ सांध्यांना जेल फासलं तर ते पुन्हा गोळीसारखंच होऊ लागतं. जेल, आणि ठरलेल्या वेळी पॅरासिटामॉल, एवढ्यावर तिसरा आणि चौथा आठवडा गेला. पॅरासिटामॉल दुखल्यावर धावत घेण्यापेक्षा वेळेवर घेतलं की दिवस जास्त सुसह्य जातो, हे मला स्वतःवर कळलं.

पाचव्या आठवड्यात उजव्या मनगटाला एवढी सूज आली, की पेन धरवेना. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासलं, दोन्ही ठीक. मग सात दिवसांसाठी नॅप्रोक्सेन २५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणानंतर, आणि सकाळी पोटासाठी ओमेप्राझोल. जेल बंद, म्हणजे एकाच जातीचं औषध दोनदा नको. पाणी भरपूर आणि रोज दोनदा घरी दाब. दुसऱ्याच दिवशी मूठ मिटली. मी आनंदाने वहीत उद्गारचिन्ह काढलं. चौथ्या दिवशी दाब १५२ वर ९४ आला, एरवी १२८-१३० असायचा. पाय जरा फुगल्यासारखे वाटले. अजून तीन दिवस उरले होते आणि मनगट नुकतंच सुधारलं होतं, त्यामुळे मनात एक लबाड विचार आला की सांगूच नको. सांगितलं. गोळी चौथ्या दिवशी बंद झाली, क्रिएटिनिन पुन्हा तपासलं, ते हललं नव्हतं. दाब पाच दिवसांत जागेवर. मनगटाची सूज मात्र पुन्हा तेवढी आली नाही.

याच काळात ओळखीतल्या एका बाईंनी सांगितलं, “अहो, एक इंजेक्शन घ्या, दोन तासांत धावाल.” ते इंजेक्शन म्हणजे स्टेरॉइड, हे मला माहीत होतं. धावलेही असते कदाचित. पण पहिल्या आठवड्यांत ते टाळतात. बंद केल्यावर दुखणं उसळून येतं, आणि माणूस पुन्हा मागायला जातो. साखर आणि दाब चढतो. नाव नसलेल्या पुड्यांतूनही तेच मिळतं, फक्त मात्रा कोणालाच ठाऊक नसते. डॉक्टर काही निवडक रुग्णांना कमी मात्रेत, ठरलेल्या दिवसांसाठी, हळूहळू उतरवत देतात. तो वेगळा मामला.

सहावा आठवडा संपता संपता मी एक मूर्खपणा केला. एक दिवस उठले तर मूठ अर्ध्या तासात मिटली. वाटलं, संपलं. त्या दिवशी मी कपाटातली सगळी पुस्तकं काढून पुसून परत लावली. संध्याकाळी छान वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ७५ मिनिटं, आणि त्यापुढचे चार दिवस तसेच. मला वाटलं आजार उलटला. डॉक्टर हसले. “मॅडम, हा उलटला नाही, तुम्ही त्याला उठवलंत.” रक्तात आयजीएम अजून पॉझिटिव्ह असेल म्हणून तपासू का, असं मी विचारलं, तर म्हणाले ती महिनोन्महिने राहते, तिचा आजच्या दुखण्याशी संबंध नाही, पैसे वाचवा.

मग त्यांनी मला रोजचं ठरवून दिलं. अंथरुणातच बोटं एकेक करून वाकवायची, सरळ करायची, अंगठा करंगळीला लावायचा. कोमट पाण्यात हात बुडवून दहा वेळा मूठ. घोटा वर्तुळात फिरवायचा. पहिल्या आठवड्यांत सुजेवर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं बरा होता. सूज उतरून फक्त ताठरपणा उरल्यावर कोमट जास्त आवडलं. वजन उचलायचं नाही, पण पडूनही राहायचं नाही. पडून राहिल्याने सांधा आखडतो. पाण्याने भरलेली कळशी नाही, पण रिकामी चालेल, अशा थाटात मी दिवस मोजले.

यांचे एक मित्र सारखे म्हणत होते, संधिवाताची तपासणी करून घ्या, आरए फॅक्टर. चौथ्या आठवड्यात मी ती मागितली होती. डॉक्टरांनी नाही म्हटलं. अशा आजारानंतर ती काही काळ उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि नंतर माणूस आयुष्यभर घाबरत बसतो. तीन महिन्यांनंतरही सांधे सुजलेलेच राहिले, सकाळचा ताठरपणा तासाच्या वर राहिला, तर मात्र संधिवाततज्ज्ञ, आणि तेव्हा आरएसोबत अँटी-सीसीपीही. तिथे लागली तर दीर्घकाळ चालणारी औषधं तेच ठरवतील. एक गोष्ट तीन महिने थांबायची नाही, हेही त्यांनी बजावलं: एकच सांधा एकदम लाल, गरम, खूप सुजलेला आणि सोबत ताप आला, तर तो चिकनगुनिया समजायचा नाही. सांध्यात पू होत असू शकतो, आणि त्याला त्याच दिवशी दाखवायचं.

नवव्या आठवड्यात २५ मिनिटं, चार गोळ्या. पॅरासिटामॉल त्या सुमारास मी रोजचं सोडून गरजेपुरतं केलं, आठवड्यातून दोन-तीनदा. बाराव्यात १० ते १५ मिनिटं. एक रात्र मध्येच, हवा गार पडली तेव्हा, दोन्ही घोटे इतके ठणकले की मी पहाटे चारला वही काढून ‘पुन्हा?’ असं लिहिलं. पण सकाळी २० मिनिटांत उतरलं, सूज नव्हती. तीन महिन्यांच्या तपासणीला डॉक्टरांनी एकेक सांधा दाबून पाहिला. कुठेच सूज नव्हती, दुखत होतं फक्त उजव्या अंगठ्याच्या मुळाशी आणि डाव्या घोट्याला. संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं नाही, दोन महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलं.

आज सोळावा आठवडा आहे. करंगळी सकाळी अजून थोडी उशिरा उठते. काल काउंटरवर एक काका दाबाची गोळी न्यायला आले आणि सोबत सांधेदुखीसाठी ‘ती पिवळी’ मागितली, तापातून उठून तिसरा दिवस. मी दोन्ही स्ट्रिपा त्यांच्यासमोर उलट्या ठेवल्या, मागची अक्षरं दाखवली आणि आधी डॉक्टरांना फोन लावून दिला. मग त्यांची दाबाची स्ट्रिप कापली. कात्री अंगठ्याला थोडी लागली, पण शेवटपर्यंत चालली.